समासातले तीन प्रश्न

‘हमालाच्या निष्काळजीपणामुळे थप्पी कोसळली. एका हमालाच्या पायास मार लागला. त्यास ३ वाजून १० मिनिटांनी मुकादमासोबत रिक्षाने दवाखान्यात पाठविले, ४ वाजता एक्स-रे काढला, हाड मोडलेले नाही. सर्वांना योग्य ती काळजी घेण्याच्या सूचना दिल्या आहेत.’

लातूरच्या गोदामातून आलेला अपघाताचा अहवाल एवढाच. मी नांदेडला बसत असे. सोयाबीन-हरभऱ्याची काही गोदामं माझ्या देखरेखीखाली होती. असा अहवाल आला की लाल पेन घ्यायचं आणि पहिल्या ओळीपासून सगळा नव्यानं लिहून पाठवायचा, ही माझी जुनी सवय. गोदामपाल त्यावर सही करून पाठवत. पुढचा अहवाल पुन्हा तसाच यायचा.

त्या दिवशीही मी पेन उघडलं. ‘पोत्यांची रचना सदोष असल्याने’ असं लिहून थांबलो. रचना सदोष होती हे मला कुणी सांगितलं? लोहा, अहमदपूर, चाकूर ओलांडून पलीकडे घडलेली गोष्ट मी नांदेडच्या टेबलावर बसून रचत होतो. भाषा माझी झाली असती, पण डोळे तर गोदामपालांचेच होते. आजवर मी दुरुस्त केलेल्या अहवालांत अशी किती वाक्यं मी मनानंच घातली असतील!

मग पेन्सिल घेतली. शुद्धलेखनाला हात लावायचा नाही आणि तीनच ठिकाणी लिहायचं, असं ठरवलं. जे वाक्य वाचून घटना डोळ्यांसमोर उभी राहत नाही, त्याखाली रेघ आणि समासात प्रश्न.

‘थप्पी कोसळली’ याखाली रेघ ओढून लिहिलं : “किती थरांची होती? कोणत्या बाजूला पडली? पडण्याआधीच्या अर्ध्या तासात तिथे काय चाललं होतं, ते क्रमानं लिहा.”

‘निष्काळजीपणा’ शब्दापाशी : “त्यानं नेमकं काय केलं? त्या वेळी त्याच्या जागी दुसरा हमाल असता, तर वेगळं वागला असता का?”

‘सूचना दिल्या’ यापाशी : “पुढच्या सोमवारी मी गोदामात आलो, तर काय बदललेलं दिसेल? ते कोण बघणार?”

शेवटी एकच वाक्य लिहिलं : “जखमीला दवाखान्यात कसं नेलं हे तुम्ही वेळेसकट, सोबत कोण होतं त्यासकट लिहिलंय, बाकीचंही तसंच लिहा.” नमुना म्हणून माझं वाक्य देण्यापेक्षा त्यांचंच दाखवलेलं बरं, कारण तसं लिहिता येतं हे त्यांनी आधीच सिद्ध केलं होतं. कागद पाठवण्याआधी फोनही केला. “साहेब, कुणावर येईल का हे?” त्यांनी विचारलं. “कारवाईसाठी विचारत नाही. परत पडू नये म्हणून विचारतोय,” मी म्हणालो. हे आधी बोललो नसतो, तर समासातला प्रत्येक प्रश्न त्यांना कारणे दाखवा नोटिशीसारखा वाटला असता.

दुसऱ्या दिवशी दीड पान आलं. थप्पी सोळा थरांची. हवा असलेला लॉट मागच्या बाजूला खाली दबलेला. वरून पायऱ्या-पायऱ्यांनी पोती उतरवायला तास गेला असता, म्हणून मधूनच ओढली. त्यामुळे पुढे आधार नसलेली उभी भिंत राहिली. वरचे चार थर प्लास्टिकच्या पोत्यांचे. ती तागाच्या पोत्यांसारखी एकमेकांना धरून राहत नाहीत. तीच आधी घसरली. आणि खाली एक ओळ : ‘गाडी चारच्या आत सोडा, असा नांदेडहून दोनदा फोन आला होता.’

दुसरा फोन माझा होता.

अहवाल मी लिहिला असता, तर ही ओळ त्यात येणं शक्यच नव्हतं. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द नव्या अहवालात नव्हता. तो खोडा, असं मी कुठंही म्हटलं नव्हतं.

उपायांत त्यांनी लिहिलं होतं : एका थप्पीत एकच लॉट, प्लास्टिकची पोती वेगळी, भराईआधी मुकादमानं थप्पी बघायची. चौथा उपाय ‘हमालांचे प्रशिक्षण’ असा होता. त्यापुढे मी फक्त “कोण, कधी?” एवढंच लिहिलं. पाचवा मी माझ्या नावानं जोडला : गाडीची वेळ ठरवण्याआधी माल कुठल्या थरात आहे, हे गोदामाला विचारायचं.

या पद्धतीत एक दिवस जास्त जातो. विम्याला त्याच दिवशी कळवायचं असेल, तर फोनवर विचारून तेवढी माहिती मीच लिहून घेतो. पण कारणाचा रकाना त्यांच्यासाठी मोकळा ठेवतो.

त्या दीड पानात ऱ्हस्व-दीर्घाच्या कितीतरी चुका होत्या. तशाच फाईलला लावल्या.