तांब्यावरचं नाव

पुणे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलले असते, पण आई लगेच स्पीकर लावते आणि आपल्या ओसरीवर कुणी ना कुणी बसलेलं असतंच. व्हॉट्सअॅपवर हा विषय काढायचा नाही, असं मीच तुला बजावलंय. म्हणून कागद. मावशी शनिवारी करमाडला येतेय, तिच्या हाती देतेय. ती पाकीट फोडणार नाही, फार तर उजेडासमोर धरून बघेल.

परवा तू चिडलास. "मी काय चोरी केली का तोंड झाकायला?" तुझं चिडणं मला पटतं. आपल्याकडे तोंडावर फडकं बांधून पोलीस नेतात तो आरोपी असतो. टीव्हीवर धूसर चेहरा दिसला की बाबासुद्धा आधी "यानं काय केलं?" असंच विचारतात. अत्याचार झालेली बाई असेल किंवा अल्पवयीन पोरगं असेल, तर त्यांची ओळख उघड करायची नाही असं कायदाच सांगतो. तिथं संकलकाला विचार करायची गरज नसते. तुझ्या बाबतीत असा कुठलाही कायदा नाही. तू मोठा माणूस आहेस, कॅमेऱ्यासमोर आपणहून बोललास. चेहरा दाखवणार नाही असा शब्द आमच्या दिग्दर्शकांनी तुला दिला होता, एवढंच. तो शब्द पाळायचं काम माझ्या टेबलावर आलं. तू माझा भाऊ आहेस हे त्यांना माहीत आहे, बाकी कुणाला नाही. फायलींवर तुझं नाव ‘कामगार ३’ आहे.

तू विचारलंस, बोटानं पुसल्यासारखं करतात त्याला एवढे दिवस कशाला? सांगते.

तुझी मुलाखत कापून ४ मिनिटं १० सेकंदांची राहिली. सेकंदाला २५ चित्रं म्हणजे सव्वासहा हजार चित्रं. चेहऱ्यावर एक लंबगोल आखायचा आणि संगणकाला सांगायचं, याच्या मागं जा. तू सरळ बसून बोलतोस तोवर तो इमानदारीत मागं येतो. पण तू मान वळवून दाराकडे बघितलंस, किंवा कपाळावरून हात फिरवलास, की त्याची गल्लत होते. हातालाच चेहरा समजून तो हाताच्या मागं जातो आणि तुझी हनुवटी उघडी पडते. अशा जागी एकेक चित्र थांबवून गोल हातानं सरकवावा लागतो. एक चित्र म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग, डोळ्याला कळतही नाही. पण आता प्रत्येकाच्या मोबाइलवर थांबवायची सोय आहे.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे एक दृश्य विरघळून दुसरं उगवतं ती. तिथं तुझं चित्र कापलेल्या जागेच्या पुढंही अर्धा सेकंद रेंगाळत असतं, आणि गोल मात्र कापलं तिथंच संपलेला असतो. मग शेवटच्या बारा चित्रांत तू फिकट फिकट होत, पण उघड्या तोंडानं निरोप घेतोस. म्हणून गोल कापलेल्या जागेच्या बराच पुढं आणि मागं न्यायचा, आणि जोड नंतर घालायचा. तुझ्या भागात मी असे जोड ठेवलेच नाहीत. सरळ काप.

आता झाकायचं कशानं? चौकोनी ठिपक्यांचं जाळं सगळ्यांना माहीत आहे, दिग्दर्शकांनाही तेच हवं होतं. मी नको म्हटलं. जाळं जागेवर असतं आणि त्याच्याखाली तू हलत असतोस, त्यामुळं प्रत्येक चित्रात चौकोनांत चेहऱ्याचा थोडा वेगळा भाग सापडतो. शेकडो चित्रं एकावर एक ठेवली की एका चित्रात नव्हतं तेवढं हाती लागतं. २०१६ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठ आणि कॉर्नेल टेकमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की ठिपके केलेल्या किंवा धूसर केलेल्या चेहऱ्याचा माणूस शिकवलेला प्रोग्रॅम बऱ्याचदा ओळखू शकतो. तो चेहरा परत काढत नाही. त्याच्याजवळ आधीच असलेल्या फोटोंपैकी हा कोण, एवढंच सांगतो. आणि दादा, गेटपाससाठी तुमच्या सगळ्यांचे फोटो कुणाजवळ आहेत? सगळ्या जगातून तुला शोधायची गरजच नाही. त्यांना फक्त तुमच्या पाळीतल्या माणसांतून निवडायचंय.

म्हणून मी आधी तुझा चेहरा पूर्ण काढून टाकला. त्या जागी कातडीच्या रंगाचा सपाट ठिपका बसवला, आणि मग त्याच्या कडा मऊ केल्या. बघणाऱ्याला धूसर चेहरा वाटतो, पण त्या धुक्यामागं काही नाही. उचकटून बघणाऱ्याला नुसता रंग मिळेल.

हे झाल्यावर मी बाहेरून चहा पिऊन आले आणि पुन्हा बघितलं. पहिल्याच सेकंदाला तू दिसलास. चेहऱ्याचा टिपूस नाही, तरी दादाच. तेव्हा कळलं की हे काम माझ्याकडे आलं ते बरंच झालं. परक्या संकलकानं चेहरा झाकून फाइल बंद केली असती. पुण्या-मुंबईचा प्रेक्षक तुला चेहरा असतानाही ओळखणार नव्हता. भीती आहे ती ठेकेदाराची, मुकादमाची, तुझ्या शेजारी चिमटा धरून उभा राहणाऱ्याची, आणि ही माणसं तुला चेहऱ्यावरून कमी आणि इतर गोष्टींवरूनच जास्त ओळखतात.

मग मी मुकादम होऊन बघायला बसले. तुझ्या मागच्या फळीवर आजीच्या वेळचा स्टीलचा तांब्या आहे. त्यावर आजोबांचं नाव, गाव आणि लग्नाची तारीख कोरलेली आहे, आणि हल्लीचे कॅमेरे एवढे बारीक टिपतात की मोठ्या पडद्यावर ते सहज वाचता येतं. मराठी घरात मुलाखत घ्यायची तर आधी भांडी वाचावीत, हे मला कुठल्याच वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. तांब्याच्या शेजारी कॅलेंडर, त्यावर करमाडच्या किराणा दुकानाचं नाव. दाराबाहेर मोटारसायकल, नंबरासकट. या वस्तू हलत नाहीत, म्हणून त्या झाकणं सोपं होतं.

आवाजाचं सोपं नव्हतं. बातम्यांत करतात तसा आवाज नुसता जाड केला तर कुणीही तो तेवढाच बारीक करून परत मिळवतो. म्हणून तुझं बोलणं परभणीकडच्या एका नटानं जसंच्या तसं म्हटलंय. ‘मपलं’ ठेवलंय, ते हजारो लोक म्हणतात. पण तू दर तिसऱ्या वाक्याला "काय समजलास?" म्हणतोस ते सगळं काढलं. ऐकताना मला चुकल्यासारखं झालं, पण मुकादमालाही तसंच व्हायला हवं.

सिनेमाची सुरुवात आपल्या रुळांवर होते. ८ मे २०२० ची पहाट. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी मध्य प्रदेशातली २० माणसं, भुसावळहून गाडी मिळेल म्हणून पायी निघालेली. बदनापूर आणि करमाडच्या मध्ये, सटाणा शिवारात ती थकून थांबली, बहुतेकजण रुळांवरच झोपले. टाळेबंदीत गाड्या बंद आहेत असा समज. मालगाडी आली आणि १६ जण गेले. रुळांवर पडलेल्या पोळ्यांचा फोटो देशभर फिरला, तुला आठवतंच आहे. प्रेतांचे फोटोही फिरले, आपल्या गावच्या ग्रुपवरसुद्धा. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, झाकू का म्हणून. आमच्याकडे ते सगळे फोटो आहेत. मी एकही वापरलेला नाही, नुसते रिकामे रूळ ठेवलेत. दिग्दर्शकांशी त्यावरून वाजलं, पण शेवटी ते ऐकले.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

तिसऱ्या मिनिटाला तू बाही वर करून उजवा हात दाखवतोस. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाजलेला पट्टा, मध्ये ती वाकडी गाठ. कारखान्यात लाल सळई रोलर सोडून कशी उसळली ते सांगतोस. मग ठेकेदारानं सरकारी दवाखान्यात न नेता ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं, आणि पुस्तकात नोंद नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात अपघातानं माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर कळवणं बंधनकारक होतं. तू तर पोळ्यापर्यंत घरी होतास. सिनेमाभर आम्ही जे म्हणतोय त्याचा डोळ्यांनी बघता येणारा पुरावा तुझ्या हाताएवढा दुसरा नाही. दिग्दर्शक म्हणतात, चेहरा झाकलाय ना, मग हात राहू दे.

पण तो हातच तुझी सही आहे. त्या पाळीत त्या दिवशी कोण भाजलं हे पंधरा-वीस जणांना पक्कं ठाऊक आहे, आणि त्यांत ठेकेदार पहिला. हात धूसर केला तर ‘इथं काहीतरी आहे’ एवढंच कळतं, आणि पुरावा म्हणून त्याचा काही उपयोग उरत नाही. डावा-उजवा उलटवून बघितला, पण गाठ तीच. दुसऱ्या कुणाचा भाजलेला हात लावायचा हे मी करणार नाही. एकदा तसं केलं की मग तुझं बोलणंही खोटंच ठरवतील.

म्हणून दोनच वाटा आहेत. हात काढायचा, आणि तुझं सांगणं नटाच्या आवाजात, रिकाम्या खुर्चीवर ऐकू द्यायचं. किंवा हात ठेवायचा. मग चेहरा झाकण्याला फारसा अर्थ नाही, आणि हे तुला माहीत असताना ठेवायचा. मला विचारशील तर मी काढेन. पण मी बहीण आहे, माझं मत अर्ध्याच किमतीचं धर. हात तुझा, नोकरी तुझी, हप्ते तुझे. वहिनीशी बोल. एक लक्षात घे, एकदा बाहेर गेलेली फाइल परत घेता येत नाही. सिनेमा तीनच ठिकाणी दाखवणार असं म्हणतात, पण कुणीतरी पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढतोच.

मूळ चित्रीकरण एका हार्ड डिस्कवर आहे, ती कुलपात आहे. आधीच्या कच्च्या प्रतीची लिंक दोघांना गेली होती, त्यात तू उघडा होतास. ती बंद करून घेतली. तू दिलेला सहीचा कागद वेगळ्या ठिकाणी ठेवलाय, कारण नाव आणि हात एकाच कपाटात असू नयेत.

रविवारी फोन कर. आई ऐकत असेलच. हात ठेवायचा असेल तर म्हण, "पेरणी उरकली." काढायचा असेल तर, "अजून पाऊस नाही." बाबांनी मध्येच खरी पेरणी विचारली तर तुझं तू निभाव. सोमवारी संध्याकाळी कट कुलूपबंद होतो, त्यानंतर मला काही बदलता येणार नाही.

वाचून झालं की कागद चुलीत घाल. आणि तो तांब्या फळीवरून काढून आतल्या खोलीत ठेव. ते लोक पुन्हा चित्रीकरणाला येणार म्हणतात.

तुझी,
छोटी