शुक्रवारची वही

आम्ही दोघी बहिणी. थोरली अमरावतीला नांदते, धाकटी अकोल्याला. रमजान ईदनंतर दोघींनी एकदमच वजन कमी करायला घेतले आणि दर शुक्रवारी दुपारची जेवणे आटोपली की फोनवर एकमेकींना वही वाचून दाखवायची, असे ठरवले. मुहासबा म्हणजे आपला हिशेब आपणच घेणे. तो आम्ही या बाबतीतही करून पाहिला.

वहीत आठवड्याला एक पान. वर सरासरी वजन. आठवड्यातून चार सकाळी, चहाच्या आधी काट्यावर उभे राहायचे आणि चार आकड्यांची सरासरी लिहायची. एकाच दिवसाचा आकडा फसवतो. रात्रीच्या खारट सालनानेही सकाळी अर्धा किलो वाढलेला दिसतो, पण ते पाणी असते. पाळीच्या आधीही असेच होते, म्हणून पाळीच्या आठवड्याची तुलना मागच्या पाळीच्या आठवड्याशीच करायची.

त्याखाली पाच प्रश्न. भूक किती लागली? 1 म्हणजे जेवणाच्या वेळीच आठवण झाली, 3 म्हणजे तासभर आधीपासून पोट ओरडले, 5 म्हणजे रात्री उठून डबे उघडले. झोप किती तास झाली? व्यायामात मागच्या आठवड्याइतके जमले का? मनःस्थिती कशी होती, मुलांवर किती वेळा उगाच ओरडलो? आणि शेवटचा प्रश्न, 21 जेवणांपैकी किती ठरवल्याप्रमाणे झाली? या शेवटच्यासाठी रोज जेवण झाल्याबरोबर बरोबर किंवा चूक अशी खूण करायची. शुक्रवारी आठवून लिहिले, तर दावतीतली बिर्याणी आठवते, पण उभ्या उभ्या खाल्लेले फरसाण आठवत नाही.

पहिला महिना छान गेला. मे महिन्यात मात्र दोघींचेही वजन सलग चार आठवडे अडले. थोरलीचे 76.3 वर, धाकटीचे 71.4 च्या आसपास. धाकटी वैतागून म्हणाली, "बाजी, मी उद्यापासून रात्रीची भाकर बंदच करते." थोरली म्हणाली, "आधी पान वाच."

धाकटीच्या पानावर भूक 2 वरून 4 वर गेलेली. झोप सात तासांवरून पाचवर. पाच किलोच्या पिशव्या हातात घेऊन ती बारा उठाबशा काढायची, त्या आठवर आलेल्या. चिडचिड रोजचीच. आणि 21 पैकी फक्त 14 जेवणे ठरल्याप्रमाणे. चुकीच्या सातही खुणा रात्री दहानंतरच्या होत्या. अकोल्यात पारा 45 च्या घरात, वीज जायची, कूलर बंद, मग सगळे घर जागे आणि चहा-फरसाण सुरू. म्हणजे ठरवलेले जेवण जास्त नव्हतेच, ते पाळलेच जात नव्हते. भाकर बंद केली असती, तर भूक आणखी वाढून रात्रीचे डबे आणखी उघडले असते.

थोरलीचे पान अगदी उलटे. भूक 2, झोप सात तास, व्यायाम ठीक, मन शांत आणि 20 जेवणे बरोबर. सगळे पाळूनही वजन हलत नव्हते, म्हणजे कमी झालेल्या शरीराला आता तेवढे जेवण पुरत होते. कमी करायचे होते ते तिलाच.

काट्याने दोघींना एकच गोष्ट सांगितली, वहीने दोन. थोरलीने रोजचे एक मोठा चमचा तेल, म्हणजे सुमारे 120 कॅलरी, कमी केले आणि फजरनंतर छत्री तलावाकडे वीस मिनिटे जास्त चालू लागली. धाकटीने जेवणातले काहीच कमी केले नाही. जुहरनंतर अर्धा तास झोप, असरनंतर दोन उकडलेली अंडी आणि रात्रीच्या वरणात एक वाटी वाढ. फरसाण घरात आणणे बंद. तीन आठवड्यांनी तिची 18 जेवणे बरोबर होती, भूक 3 वर आणि वजन 70.6. थोरली 75.7 वर आली होती.

तेव्हापासूनचा आमचा नियम असा. 21 पैकी 17 जेवणेही पाळली गेली नसतील, तर ताट कमी करायचे नाही, आधी कारण शोधायचे. पाळूनही महिनाभर वजन हलले नाही, तरच थोडे कमी करायचे. आणि वजन आठवड्याला एक टक्क्याहून जास्त उतरू लागले, चक्कर आली किंवा पाळी चुकली, तर वही मिटून डॉक्टरांकडे जायचे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधीच त्यांना विचारायचे, कारण जेवण घटले आणि औषध तेवढेच राहिले, तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

अम्मीला मधुमेह आहे. तीही वही मागते आहे. तिच्या पानावर आम्ही सर्वांत वर साखरेचा रकाना आखला आहे आणि पहिले पान भरण्याआधी तिला डॉक्टरांना दाखवून आणणार आहोत.