पावसाळ्यात अडकणारं दार



लिंबागणेशला आमच्या घरात परसाकडं उघडणारं एक लाकडी दार आहे. सासूबाईंच्या खोलीचं. उन्हाळ्यात हे दार बोटानं ढकललं तरी उघडायचं आणि पावसाळा लागला की खांदा लावून ढकलावं लागायचं. दरवर्षी श्रावणात कुणालातरी बोलवायचं, कडीच्या बाजूची कड रंध्यानं छिलून घ्यायची आणि विसरून जायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं.

त्या वर्षी मात्र विसरता आलं नाही. ऑगस्टमध्ये झडीचा पाऊस लागला होता. रात्री आई लघवीला बाहेर जायला उठल्या. दार निघेना. आम्हाला झोपेतून कशाला उठवायचं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी कडी धरून जोरात ओढलं. कडीचे खिळे निघून आले आणि आई मागं पडल्या. उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर होतं.

हात बरा झाला, पण त्या रात्रीपासून आईंनी दार लावणंच सोडलं. दार उघडं म्हणून झोप नाही, आणि लावलं तर अडकेल ही भीती. पावसाळी रात्री विंचू-काट्याच्या धास्तीनं त्या बॅटरी उशाला घेऊन बसून राहायच्या. मी शाळेत मुलांना सुरक्षिततेचे नियम शिकवत होते आणि माझ्याच घरात एक दार धड नव्हतं.

पडल्याच्या दुसऱ्या दिवशीच मी गावातल्या सुतारमामांना बोलावलं. मला वाटलं, येतील, रंधा मारतील, जातील. त्यांनी पिशवीतून रंधा काढलाच नाही. म्हणाले, "बाई, खडू हाय का?"

खडूला आमच्याकडं काय तोटा! मामांनी चौकटीच्या आतल्या कडेवर सगळीकडून खडू घासला, दार ढकलून लावलं आणि परत ओढून उघडलं. दाराची जी जागा चौकटीला घासत होती तिथं पांढरा डाग उठला. कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत सलग पांढरी रेघ होती. वरच्या आणि खालच्या कडेला काहीच नव्हतं.

"बिजागरी ढिली होऊन दार कललं असतं," मामा म्हणाले, "तर वरच्या कोपऱ्यात डाग आला असता आन् खाली उंबऱ्यावर घासलं असतं. हे सगळ्या उंचीला सारखं घासतंय. म्हंजी दार कललं न्हाई, रुंदीनं फुगलंय."

मी म्हटलं, "मामा, वीस वर्षांचं लिंबाचं लाकूड आहे. आता काय फुगणार? आणि ओसरी आहे, पावसाचा थेंबसुद्धा दाराला लागत नाही."

मामा हसले. "थेंब कशाला लागतोय? हवा ओली झाली की लाकूड हवेतनंच पाणी ओढतंय. पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं हुतंय, तसंच. आन् लाकूड जुनं झालं म्हणून ही सवय सुटत न्हाई."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी तशीच चौथीच्या वर्गात वापरली. लाकूड म्हणजे कडब्याची पेंढी समजा. झाडाच्या उंचीच्या दिशेनं बारीक नळ्या एकमेकींना चिकटून उभ्या आहेत. ओल लागली की प्रत्येक नळी जाड होते, लांब होत नाही. म्हणून पेंढीचा घेर वाढतो, उंची तेवढीच राहते. दाराच्या फळ्यांच्या नसा उभ्या असतात. त्यामुळं दार रुंदीत फुगतं आणि उंचीत जवळजवळ हलत नाही.

"मग दरवर्षी छिलतो ते?"

"तितंच चुकतंय," मामा म्हणाले. "फुगलेलं असताना छिलता, म्हणून उन्हाळ्यात आकसलं की बोटभर फट पडती. आन् छिललेल्या कडेला रंग न्हाई. कोरं लाकूड पुढच्या पावसाळ्यात अजून लौकर पाणी पितंय. दुखणं तसंच ऱ्हातंय, दार तेवढं बारीक हुतंय."

त्या दिवशी त्यांनी कडीच्या बाजूनं थोडी धार मारून, दार उघडेल इतपत करून दिलं आणि कडी नवीन बोल्टनं आरपार बसवली. मग बांबूची एक कामटी घेतली आणि बरोबर दाराच्या रुंदीएवढी कापली. ती माझ्या हातात देऊन म्हणाले, "ही घरात जपून ठिवा. मे महिन्यात मी येतो. नवीन दार आता करायचं न्हाई."

मला तेव्हा रागच आला होता. आईंचा हात गळ्यात बांधलेला आणि हे नऊ महिन्यांनी येतो म्हणतात. पण मामांना आधी हे दार वर्षभरात किती हलतं ते बघायचं होतं.

मे महिन्यात ते खरंच आले. कामटी दारावर आडवी धरली. कामटी दारापेक्षा लांब भरली. मी पट्टीनं मोजलं, १२ मिलिमीटर. कामटी मात्र तेवढीच राहिली होती, कारण तिच्या नसा लांबीच्या दिशेनं होत्या. इतकं साधं आणि इतकं अचूक मोजमाप मला डीएडच्या कुठल्याच शैक्षणिक साहित्यात भेटलं नव्हतं.

दार उतरवल्यावर दुखणं उघडंच पडलं. तीन रुंद फळ्या सरसानं एकमेकींना चिकटवून एकच मोठं पान केलेलं होतं आणि मागं दोन आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकल्या होत्या. मामांनी पट्टी काढून खिळ्यांची भोकं दाखवली. ती गोल नव्हती, लांबट झाली होती. वीस वर्षं पान फुगत-आकसत होतं आणि पट्टी आडवी असल्यामुळं हलत नव्हती, त्या ओढाताणीत खिळ्यांनीच लाकूड कुरतडलं होतं.

नवीन रचना अशी केली. आधी सागाची एक चौकोनी फ्रेम, म्हणजे दोन उभ्या पट्ट्या आणि वर, मध्ये, खाली अशा तीन आडव्या पट्ट्या. आडव्या पट्टीच्या टोकाला कुसू कोरून तो उभ्या पट्टीच्या भोकात पक्का बसवला. फ्रेमच्या आतल्या कडेला सगळीकडून १५ मिलिमीटर खोल खाच पाडली. जुन्या लिंबाच्या फळ्या टाकल्या नाहीत. त्यांचेच दोन पॅनल केले, एक वर आणि एक खाली, आणि ते खाचेत नुसते सरकवले. तिथं ना खिळा, ना सरस. फक्त वरच्या कडेला अगदी मधोमध एक लाकडी खुंटी मारली, म्हणजे पॅनल दोन्हीकडं सारखं पसरेल.

मी घाबरून विचारलं, "चिकटवलं नाही तर पॅनल निघून येणार नाही का?"

"चिकटवलं तर फ्रेम फाटंल," मामा म्हणाले. "फुगायचं ते फुगणारच. आपण त्याला घरातल्या घरात जागा द्यायची."

त्या संध्याकाळी मी हिशोब करून बघितला. जुन्या दाराची सगळी ७५० मिलिमीटर रुंदी फुगत होती आणि त्यातून १२ मिलिमीटर वाढत होते. नवीन दाराच्या रुंदीत फुगणाऱ्या गोष्टी फक्त दोन, त्या उभ्या पट्ट्या. प्रत्येकी १०० म्हणजे दोन्ही मिळून २००. मधल्या भागाची रुंदी आडव्या पट्ट्यांनी धरून ठेवलेली, आणि त्यांच्या नसा आडव्या असल्यामुळं त्या लांबीत हलत नाहीत. ७५० ला १२, तर २०० ला किती? ३.२. साग लिंबापेक्षा कमी हलतो, म्हणून त्याहून थोडं कमीच. बाकी पॅनल साधारण ९ मिलिमीटर फुगणार, पण खाचेतल्या खाचेत. मामांनी तिथं दोन्ही बाजूंना ६-६ मिलिमीटर जागा मोकळी सोडली होती. त्रैराशिक त्यांना शाळेत कुणी शिकवलेलं नव्हतं, पण कडीच्या बाजूला त्यांनी नेमकी ५ मिलिमीटर फट ठेवली.

रंगाचंही एक सांगते. आमच्या रंगाऱ्याची घाई चालली होती, सगळं जोडून झालं की एकदाच रंग मारू म्हणून. मामांनी अडवलं. पॅनल आधी चारी कडांनी रंगवून वाळवायचं आणि मगच खाचेत घालायचं. नाहीतर रंगच पॅनलला खाचेशी चिकटवून टाकतो, आणि उन्हाळ्यात आकसल्यावर कडेला कोऱ्या लाकडाची रेघ उघडी पडते. दाराची वरची आणि खालची कड त्यांनी तीन हात रंगवली. ती कुणाला दिसत नाही म्हणून राहून जाते, पण तिथं नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि लाकूड तिथूनच सगळ्यात जास्त पाणी पितं. रंगानं फुगणं थांबत नाही, उशिरा आणि कमी होतं, एवढंच.

दारात खोट अजिबात नाही असं नाही. उन्हाळ्यात वारा सुटला की पॅनल हलकं खडखडतं. मामांना सांगितलं तर म्हणाले, "वाजू द्या. वाजतंय म्हंजी मोकळं हाय."

जुन्या फळीचा एक तुकडा मी शाळेत नेला होता. त्यातून मामांनी १०० मिलिमीटरच्या दोन पट्ट्या कापून दिल्या होत्या, एक उभ्या नशीची आणि एक आडव्या नशीची. मुलांनी त्या दोन दिवस बादलीत बुडवून ठेवल्या आणि मोजल्या. आडव्या नशीची १०३ भरली. उभ्या नशीची १०० ची १००. घरी लाकडाचा तुकडा असेल तर हा प्रयोग नक्की करून बघा. फक्त पट्टी मुलांच्या हातात द्या आणि उत्तर आधी सांगू नका.

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, मग पावसात झाडं पण फुगतात का?" मला उत्तर आलं नाही. तिला म्हटलं, उद्या सांगते. संध्याकाळी मामांना विचारलं. ते म्हणाले, "जित्तं झाड आधीच पाण्यानं भरलेलं असतंय, त्याच्या नळ्या फुगायच्या तेवढ्या फुगलेल्या असत्यात. तोडून वाळवलं की मग हा खेळ सुरू हुतोय." दुसऱ्या दिवशी मी वर्गात उत्तर सांगितलं, आणि ते कुणाकडून आलं तेही सांगितलं.

यंदाच्या ऑगस्टमध्ये चार दिवस सूर्य दिसला नाही. कडीच्या बाजूची फट मी मोजली, दोन मिलिमीटर राहिली होती. रात्री आई उठल्याचा आवाज आला. मी अंथरुणात उठून बसले. कडी वाजली, दार उघडलं. थोड्या वेळानं पावलं परत आली, दार लागलं, कडी पडली. आईंनी डाव्या हातानंच लावलं असणार, उजव्यात अजून जोर नाही.

बॅटरी सकाळी कपाटात ठेवलेली दिसली.