तगाद्याचे पत्र

तगादा हा शब्द कानी पडला की दारात ठाण मांडून बसलेला सावकार डोळ्यांपुढे उभा राहतो. भोपाळच्या आमच्या कचेरीत दरवर्षी जून महिन्यात ही सावकारी माझ्या वाट्याला येते. कचेरीचा वार्षिक अहवाल मी जुळवतो. म्हणजे लिहिणारे निरनिराळ्या शाखांतले लोक आणि मागणारा मी.

काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याचे प्रकरण लांबले, तेव्हा मी संतापून त्याला रात्री ई-मेल लिहिली आणि तिची एक प्रत त्याच्या वरिष्ठांनाही धाडली. प्रकरण दुसऱ्याच दिवशी आले. परंतु पूर्वी माझ्या मुलीच्या परीक्षेची आठवणीने चौकशी करणारा तो गृहस्थ त्यानंतर मला दोनच शब्द लिहू लागला : ‘सोबत जोडले आहे.’ आकडे मिळाले आणि माणूस गमावला, असा तो व्यवहार झाला.

यंदा इंदूरच्या शाखेकडून प्रशिक्षणवर्गांचा तक्ता ५ जूनला यावयाचा होता. तो पाठविणारे सहकारी वयाने वडील. सारी कचेरी त्यांना नाना म्हणते. ११ तारखेला मी एक ओळ लिहिली : ‘तक्ता कृपया लवकरात लवकर पाठवावा.’ उत्तर नाही. विचार करता दोष माझाच दिसला. ‘लवकरात लवकर’ ही तारीख कोणत्याही पंचांगात नाही. ज्याच्या टेबलावर दहा कामे पडली आहेत, तो तारीख असलेले काम आधी उचलणार, हे उघड आहे.

मग मी कागद घेऊन उलटी मोजणी केली. छापखाना मजकूर घेणार सोमवारी, २३ तारखेला. हिंदी अनुवादाला शुक्रवार व शनिवार हे दोन दिवस हवेत. म्हणजे तक्ता गुरुवारी, १९ तारखेला दुपारी चारपर्यंत हाती असला पाहिजे. ही तारीख माझ्या रागातून निघालेली नव्हती, कामातून निघालेली होती. म्हणून ती लिहिताना आवाज चढविण्याचे कारणच उरले नाही. दोन दिवस हातचे राखून खोटी तारीख द्यावी, असाही मोह झाला. पण अशी चोरी एकदा उघडकीस आली की पुढच्या खऱ्या तारखेवरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

सोमवारी सकाळी मी लिहिले. विषयाच्या जागी ‘स्मरणपत्र’ असे न लिहिता ‘प्रशिक्षण तक्ता : गुरुवार, १९ जून, दुपारी ४ पर्यंत’ असे लिहिले. खाली मजकूर असा :

‘आदरणीय नाना, सादर नमस्कार. ५ तारखेचा प्रशिक्षणवर्गांचा तक्ता अद्याप मिळालेला नाही. शुक्रवारी सकाळी अनुवादास प्रारंभ होईल व सोमवारी मजकूर छापखान्यात जाईल. यास्तव तक्ता गुरुवारी चारपर्यंत हवा. नमुना पुन्हा जोडला आहे, शोधण्याचे श्रम नकोत. सर्व आकडे तयार नसल्यास असतील तेवढे पाठवावेत. उरलेल्या जागी “माहिती अपेक्षित” असे छापू. काहीच न आल्यास त्या पानावर तशी टीप घालावी लागेल. आपल्या शाखेचे वर्षभराचे काम तसे कोरे दिसावे, असे मला वाटत नाही. काही अडचण असल्यास उद्या अकरा वाजता फोन करतो.’

प्रत कोणालाही पाठविली नाही. ‘वारंवार कळवूनही’ हे शब्द एकदा लिहिले आणि खोडले. त्यांनी तक्ता एक तासही आधी येणार नव्हता. नानांना मात्र ते बोचले असते.

मंगळवारी फोनवर नाना म्हणाले, “अहो, दोन जिल्ह्यांचे आकडेच आलेले नाहीत. अर्धवट तक्ता तुम्हांला कोणत्या तोंडाने पाठवू? म्हणून उत्तरही राहिले.” ज्याला मी बेफिकिरी समजत होतो तो संकोच होता! ‘असतील तेवढे पाठवावेत’ या एका वाक्याने त्यांची वाट मोकळी झाली. गुरुवारी सव्वातीनला तक्ता आला, दोन रकाने रिकामे ठेवून. ते आकडे पुढल्या आठवड्यात आले आणि मुद्रिते तपासताना भरता आले.

समजा, गुरुवारी काहीच आले नसते तर? तर मला ती टीप छापावीच लागली असती, मन कितीही कचरले तरी. दिलेली तारीख आपणच मोडली की पुढच्या वर्षीच्या तारखेला किंमत राहत नाही. म्हणून जे करण्याची आपली तयारी नाही, ते पत्रात लिहूच नये.

अहवाल छापून आला तेव्हा पहिली प्रत मी इंदूरला पाठविली. आठ दिवसांनी नानांचे उत्तर आले. तक्त्यातली एक चूक त्यांनी दाखविली होती, आणि खाली विचारले होते : ‘मुलीचा निकाल काय लागला?’