माफीच्या साक्षीदारास

अमीर अली यास,

हे पत्र यवतमाळहून लिहितो आहे. तुझ्या काळात हा मुलूख वऱ्हाडात होता आणि वऱ्हाड निजामाच्या ताब्यात होता. नागपूर, अमरावती, हैदराबाद या वाटांवर तुझी टोळी फिरली, असं तूच सांगतोस. ज्याने तुझी हकिकत लिहून काढली, तो फिलिप मेडोज टेलर निजामाच्या चाकरीत होता. 1857 च्या धामधुमीत त्याला वऱ्हाडातच, बुलढाण्याला कारभार पाहायला पाठवलं होतं. पण त्याच्या अठरा वर्षं आधी, 1839 मध्ये, त्याने लंडनमध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी छापली होती. सुरुवातीच्या पानांपासून अखेरपर्यंत तीत तू ‘मी’ म्हणून बोलत राहतोस. त्या ‘मी’बद्दल तुझ्याशी बोलायचं आहे.

प्रस्तावनेत टेलर सांगतो की, तू 719 खून केल्याचं कबूल केलंस. वर हेही म्हणालास की बारा वर्षं तुरुंगात गेली नसती, तर आकडा हजारावर गेला असता. हे वाचून वाचक हादरतो, आणि हादरलेला वाचक पुढचं सगळं खरं मानायला तयार होतो. स्वतःच्या तोंडाने गुन्हा सांगणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं त्याला वाटतं. तुझ्या निवेदनाचं खरं बळ इथेच आहे. निर्दोष असल्याचा दावा करणाऱ्याकडे आपण संशयाने पाहतो, कबुली देणाऱ्यावर मात्र चटकन विश्वास टाकतो. पण 719 या आकड्याला तुझ्या तोंडाखेरीज आधार काय? माणूस गुन्हा लपवतो तसा फुगवतोही. आपल्या धंद्यात आपण सगळ्यांत वरचढ होतो हे सांगण्याचा मोह मोठा असतो, आणि तुझ्या बोलण्यात पश्चात्तापापेक्षा तो मोहच ठळक आहे.

म्हणून तुला वाचताना पहिला प्रश्न असा विचारावा लागतो: तू हे कोणाला सांगतो आहेस आणि का? तू माफीचा साक्षीदार आहेस. समोर साहेब बसला आहे. तुझा गळा फासातून सुटला, तो साथीदारांची नावं सांगण्याच्या बदल्यात. तुझी उपयुक्तता संपली की तुझी किंमतही संपणार. अशा माणसाची हकिकत रंगतदार असावीच लागते, आणि तिचा शेवट कधी येऊच नये अशीही त्याची इच्छा असते. साहेब मधूनमधून थांबतो, तुझं वर्णन करतो. तुझे स्वच्छ कपडे, शांत चेहरा, अदबीचं बोलणं पाहून तो चकित होतो. कादंबरीत तुझ्याखेरीज दुसरा डोळा एवढाच आहे. तिथे वाचकाने थबकायला हवं. हा माणूस अस्वस्थ का नाही, हा प्रश्न साहेबाला पडतो; तुला मात्र तो कुठेच पडत नाही.

दुसरी खूण तुझ्या सांगण्याच्या वेगात आहे. नागपूर ते अमरावती या रस्त्यावरचा तुझा पहिला बळी घे. तो सावकार होता, जवळ पैसा होता, आणि रस्त्यात लुटारू भेटतील ही त्याला धास्ती होती. तुझा बाप इस्माइल फौजी जमादाराच्या थाटात त्याच्याशी ओळख काढतो. सोबत असली तर प्रवास सुरक्षित होईल, असं सावकाराला पटतं. हे पटवणं तू ऐसपैस सांगतोस. कोण काय म्हणालं, सावकार कसा खुलला, संध्याकाळी गप्पा कशा रंगल्या, हे सगळं त्यात आहे. वाचकालाही त्या गप्पा आवडू लागतात. मग ठरलेली खूण होते, रुमाल गळ्याभोवती पडतो आणि दोन-चार वाक्यांत माणूस संपतो. लगेच तू पुढे निघतोस. तुझ्या हाताला मिळालेली शाबासकी येते, भवानीच्या नावाने वाटलेला गूळ येतो, लुटीची वाटणी येते.

निवेदक जिथे रेंगाळतो तिथे त्याचा अभिमान असतो. जिथे घाई करतो तिथे बहुधा काहीतरी झाकलेलं असतं. त्यामुळे तुझ्या पुस्तकाचं कोणतंही प्रकरण वाचताना एक साधं काम करून पाहता येतं. फूस लावण्याला किती ओळी दिल्या, मृत्यूला किती आणि मेलेल्या माणसाच्या मागे राहिलेल्यांना किती, हे मोजायचं. तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा काहीच उरत नाही. त्या सावकाराच्या घरी कोणी वाट पाहत होतं का, हे तू सांगत नाहीस. तू खोटं बोललास असं नाही. तू तिकडे पाहिलंच नाहीस, आणि तुझ्यासोबत चालणाऱ्या वाचकालाही तिकडे पाहू दिलं नाहीस.

तिसरी खूण दोषाच्या वाटणीत आहे. तू लहान असताना ठगांनी तुझ्या आईबापांना प्रवासात मारलं आणि इस्माइलने तुला वाचवून मुलगा केलं. ज्या टोळीने तुला पोरकं केलं तिचाच तो म्होरक्या. ही कथा सांगतेवेळी तुला हे सगळं ठाऊक आहे. तरी पुस्तकभर तुझा सगळा तिरस्कार गणेशा या एकाच साथीदारावर पडतो. तो क्रूर, तो उर्मट, तो पहिल्यापासून डोळ्यांत खुपणारा. इस्माइल मात्र मायाळू बाप. मुलाच्या मनात असं होऊ शकतं, हे मी मानतो. ज्याने जीव लावला त्याच्यावर राग धरणं अवघड असतं. पण इथे बोलतो आहे तो मूल नव्हे, सगळं जाणणारा प्रौढ माणूस आहे. सगळा दोष एकाच्या डोक्यावर ठेवला की बाकीचे हलके होतात, आणि त्या बाकीच्यांत तूही येतोस.

इथे तुझी तुलना आपल्याकडच्या एका निवेदिकेशी करावीशी वाटते. हरी नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधली यमुनाही ‘मी’ म्हणूनच बोलते. बालपण सांगताना तिला न कळलेल्या कितीतरी गोष्टी वाचकाला कळतात, म्हणून तिच्या कथनातही फटी आहेत. पण त्या अजाणतेपणाच्या फटी आहेत. त्यांतून तिच्यावर होणारा अन्याय अधिकच स्पष्ट दिसतो. तुझ्या फटी स्वार्थाच्या आहेत आणि त्यांतून दुसऱ्यांवर झालेला अन्याय नाहीसा होतो. दोन्ही निवेदक पूर्ण भरवशाचे नाहीत, तरी दोघांना एका मापाने मोजता येणार नाही. फट कोणाच्या फायद्याची आहे, हे पाहिल्यावर फरक कळतो.

आता तुझ्या कथेतला सर्वांत हळवा भाग. अजाणता तू स्वतःच्या सख्ख्या बहिणीलाही मारतोस. पुढे ते तुला कळतं आणि तू कोसळतोस. इथे कठोर वाचकही विरघळतो. अखेर तुला पाझर फुटला, असं त्याला वाटतं. मला मात्र तुझं अविश्वसनीय असणं सर्वांत उघड इथेच दिसतं. तू रडतोस ते बाई मेली म्हणून नव्हे, ती तुझी बहीण निघाली म्हणून. इतर सगळ्याही कोणाच्या ना कोणाच्या बहिणी होत्या. या दुःखाच्या उजेडात मागची सगळी प्रेतं तुला दिसायला हवी होती. ती दिसत नाहीत, आणि तुझ्यासाठी डोळे पुसणाऱ्या वाचकालाही दिसत नाहीत. टेलरने ही जागा जाणून रचली असेल, तर कादंबरीकार म्हणून त्याचं मोठेपण इथे आहे.

पण टेलरलाही मोकळं सोडता येत नाही. तुझं बोलणं हिंदुस्थानी, पुस्तक इंग्रजी. तू तुरुंगात, तो अधिकारी. एका खऱ्या अमीर अलीला आपण भेटलो होतो, असं तो सांगतो. पण त्याच्या जबानीतलं किती आणि टेलरच्या कल्पनेतलं किती, हे पुस्तकातून वेगळं काढता येत नाही. म्हणजे तुझ्या ‘मी’च्या मागे आणखी एक ‘मी’ उभा आहे. कंपनी सरकारने या मुलखाला ठगांपासून सोडवलं, ही गोष्ट लंडनच्या वाचकाला पटावी यात त्याचंही हित होतं.

ही चर्चा नुसत्या साहित्याची राहत नाही, कारण तुझ्यासारख्यांच्या जबान्यांवर खरी माणसं शिक्षा भोगत होती. 1836 च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असल्याचं सिद्ध झालं एवढ्यावर जन्मठेप देता येऊ लागली. अमुक खून अमक्याने केला, हे दाखवण्याची गरज उरली नाही. आणि टोळीत कोण होतं हे सांगणारा बहुतेकदा माफीचा साक्षीदारच असे. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याच्या मोहिमेत अशा साक्षीदारांनी ठगांचे कुळवृत्तांत सांगितले, आणि हा गुन्हा बापाकडून मुलाकडे जातो, रक्तातच असतो, ही समजूत त्यांतून पक्की झाली. ठगी प्रत्यक्षात किती होती आणि सरकारी कागदांत किती फुगली, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. पुढे 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला, तो याच विचाराची पुढची पायरी होता. तो 1952 मध्ये रद्द झाला. तरी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पारधी बेड्यांवरची माणसं त्या शिक्क्याचं ओझं आजही वाहतात. कुठे चोरी झाली की पहिली नजर त्यांच्याकडे वळते.

कायद्याला मात्र उशिरा का होईना, शहाणपण आलं. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 114 खाली उदाहरण दिलं होतं की, महत्त्वाच्या तपशिलांना दुसरीकडून पुष्टी मिळाल्याखेरीज गुन्ह्यातला साथीदार विश्वासार्ह नाही, असं न्यायालयाला गृहीत धरता येईल. त्याच कायद्याचं कलम 133 असंही सांगत होतं की केवळ साथीदाराच्या साक्षीवर झालेली शिक्षा बेकायदा ठरत नाही. म्हणजे साथीदाराचं ऐकावं, त्याची साक्ष फेकून देऊ नये. पण मोक्याच्या जागी दुसरा आधार मागावा. कादंबरीतला ‘मी’ वाचायलाही याहून चांगला नियम मला माहीत नाही.

तुझ्याबाबत तो लावतो तेव्हा निकाल असा निघतो. ठगांच्या चालीरीती, वाटेवरची दोस्ती, रुमाल, गूळ, खुणा यांबद्दल तुझं म्हणणं बऱ्याच अंशी स्वीकारता येतं, कारण इतर जबान्याही तेच सांगतात. पण आकडा, स्वतःचा मोठेपणा, इस्माइलची माया आणि गणेशाचा एकट्याचा दोष यांना तुझ्याखेरीज साक्षीदार नाही. तेवढं मी अमान्य करतो.

आणि हे पत्र वाचणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी एखाद्या पुस्तकातला, भाषणातला किंवा वर्तमानपत्रातला ‘मी’ मनमोकळी कबुली देऊ लागला, तर तो कोणासमोर बोलतो आहे, कुठे घाई करतो आहे आणि कोणाचं नावही घेत नाही, हे आधी तपासा. विश्वास नंतर ठेवा.

यवतमाळचा एक वाचक