माझ्या प्रश्नपत्रिकेतले रिकामे रकाने

साताऱ्याहून सांगलीची एसटी सुटली आणि कराड आलं तरी मी खिडकीबाहेर पाहिलं नव्हतं. मांडीवर वही होती. वहीत चार आडव्या ओळी, चार उभे रकाने आणि कोपऱ्यात २० हा आकडा. मी आकडे भरत होते, खोडत होते, पुन्हा भरत होते. शेजारच्या आजींनी शेवटी विचारलंच, "हिशेब जुळंना का काय, बाई?" मी म्हटलं, "आज्जी, आत्ताच जुळला!" आणि खरंच, त्याच क्षणी जुळला होता. तो आनंद अजून ओसरलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

मी सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका गावात विज्ञान शिकवते. साताऱ्याच्या प्रशिक्षणाला येताना आपण स्वतः काढलेली एक घटक चाचणी बरोबर आणायला सांगितलं होतं. मी नववीच्या 'गतीचे नियम' या पहिल्या पाठाची २० गुणांची चाचणी नेली. माझ्या मते ती चांगली होती. रिकाम्या जागा, व्याख्या, फरक, एक उदाहरण, सगळं होतं.

मार्गदर्शक बाईंनी फळ्यावर एक तक्ता आखला. डावीकडे पाठाचे उपघटक, वर ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. म्हणाल्या, "पेपर चांगला की वाईट, हे आज कुणी बोलायचं नाही. प्रत्येक प्रश्नाचे गुण उचला आणि त्याच्या घरात ठेवा. एवढंच."

मी ठेवत गेले. ज्ञानाच्या रकान्यात १३ गुण जमा झाले. आकलनात ५, उपयोजनात २, कौशल्याचा रकाना कोरा. आडव्या ओळी पाहिल्या तर न्यूटनच्या नियमांना ११ गुण आणि आलेखांच्या ओळीत फक्त १. आलेख मी जीव ओतून शिकवले होते! मुलांनी आलेख कागदावर काढले होते, आणि चाचणीत मी त्यांना आलेखाबद्दल जवळजवळ काहीच विचारलं नव्हतं. वर्षभर ही प्रश्नपत्रिका माझ्याकडे होती, आणि हे मला कधी दिसलं नव्हतं.

या तक्त्याला संविधान तक्ता म्हणतात. बी.एड.च्या फाइलमध्ये मीही तो जोडला होता. पण तेव्हा आधी प्रश्न लिहायचे आणि मग त्यांना जुळेल असा तक्ता भरायचा, अशीच आमची रीत होती. तक्ता आधी आणि प्रश्न नंतर, एवढी एक उलटापालट केली की सगळं बदलतं, हे मला साताऱ्यात कळलं.

बाईंनी मधल्या सुट्टीत त्यामागची गोष्टही सांगितली. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये विचारांच्या पातळ्यांची उतरंड मांडली. पुढच्याच वर्षी परीक्षा सुधारणेसाठी ब्लूम भारतात सल्लागार म्हणून आले आणि १९५८ मध्ये केंद्रीय परीक्षा विभाग सुरू झाला. त्यांच्या सहा पातळ्या शाळेच्या वापरासाठी आवळून आपल्याकडे ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य अशी चार उद्दिष्टं रुजली. मी पाठ केलेल्या त्या चार शब्दांना असा प्रवास आहे, हे ऐकून मी चहा प्यायचीच विसरले.

आता बसमधला हिशेब. पहिला नियम असा की आतली घरं भरायची नाहीत, आधी कडेच्या बेरजा ठरवायच्या. मला हा पाठ शिकवायला दहा तासिका लागतात आणि गुण आहेत वीस, म्हणून तासिकेला दोन गुण धरले. अंतर, विस्थापन, चाल आणि वेग यांना दोन तासिका, म्हणजे ४ गुण. त्वरण आणि आलेखांना तीन, म्हणजे ६. गतीच्या समीकरणांना दोन, म्हणजे ४. न्यूटनचे नियम आणि संवेग यांना तीन, म्हणजे ६. मग खालची कड: ज्ञान २५ टक्के म्हणजे ५ गुण, आकलन ३५ टक्के म्हणजे ७, उपयोजन ३० टक्के म्हणजे ६, कौशल्य १० टक्के म्हणजे २. ही टक्केवारी कुठून आयती मिळत नाही. पाठ पाहून शिक्षकानेच ती ठरवायची असते. आलेखांचा पाठ नसता, तर मी कौशल्याला कदाचित काहीच दिलं नसतं.

दोन्ही कडा पक्क्या झाल्या की आतल्या घरांची खरी गंमत सुरू होते. एका घरात गुण वाढवला की त्या ओळीतला आणि त्या रकान्यातला दुसरा गुण कमी होतो. पेठ नाक्याच्या आधी माझा तक्ता असा बसला. कंसाबाहेर गुण आहेत, कंसात प्रश्नांची संख्या:

| उपघटक | ज्ञान | आकलन | उपयोजन | कौशल्य | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| अंतर, विस्थापन, चाल, वेग | १(१) | ३(२) | – | – | ४ |
| त्वरण, आलेख | १(१) | १(१) | २(१) | २(१) | ६ |
| गतीची समीकरणे | १(१) | १(१) | २(१) | – | ४ |
| न्यूटनचे नियम, संवेग | २(२) | २(१) | २(१) | – | ६ |
| एकूण | ५ | ७ | ६ | २ | २० |

एकेका गुणाचे आठ प्रश्न, दोन-दोन गुणांचे सहा. एका गुणाला एक मिनिट आणि दोन गुणांना चार मिनिटं धरली तर बत्तीस मिनिटं होतात. वाचायला तीन मिनिटं दिली की पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पेपर बसतो. सोळा घरांपैकी चार रिकामी आहेत, पण आता ती मी ठरवून रिकामी ठेवलेली आहेत. अंतर आणि वेगाचं उपयोजन वेगळं विचारलं नाही, कारण समीकरणांच्या प्रश्नात ते आपोआप वापरावं लागतं. रिकामं ठेवलेलं घर आणि रिकामं राहून गेलेलं घर यांत किती अंतर आहे!

पण सर्वांत मोठा शोध साताऱ्यातच लागला होता. 'एसटीने अचानक ब्रेक दाबला की उभा प्रवासी पुढे का झुकतो?' हा प्रश्न मी लगेच आकलनात टाकला होता. बाईंनी विचारलं, "हे वर्गात सांगितलंय का?" सांगितलं होतं, फळ्यावर लिहूनही दिलं होतं. "मग पोरं आठवून लिहितील. हा ज्ञानाचा प्रश्न." मी थक्क झाले. 'का' हा शब्द आला म्हणजे आकलन झालं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. प्रश्नाची पातळी त्याच्या क्रियापदावर ठरत नाही. त्या मुलाने ते उत्तर आधी पाहिलंय की नाही, त्यावर ठरते. म्हणून एकच प्रश्न साताऱ्याच्या एका वर्गात आकलनाचा आणि माझ्या वर्गात ज्ञानाचा असू शकतो. दुसऱ्याचा तयार तक्ता आपल्याला का चालत नाही, हे मला तिथे कळलं.

मग मी प्रत्येक घरासाठी मुलांनी न पाहिलेला प्रसंग शोधू लागले, आणि ते सगळे आमच्या गावातच सापडले. विस्थापनाच्या आकलनासाठी कृष्णा नदी: 'नदी वळणं घेत दोन गावांमधून जाते. पात्रातून मोजलेलं अंतर आणि विस्थापन यांत मोठं कोणतं? ते दोन्ही समान केव्हा होतील?' समीकरणांच्या उपयोजनासाठी उसाचा ट्रॅक्टर: 'कारखान्याच्या फाटकापासून ६० मीटर अलीकडे ट्रॅक्टरचा वेग ५ मी./से. आहे. ब्रेक लावल्यावर त्याचा वेग दर सेकंदाला ०.२५ मी./से. ने कमी होतो. तो फाटकाआधी थांबेल का?'

या प्रश्नात सूत्र दिलेलं नाही आणि वेळही दिलेली नाही. तिन्ही समीकरणांतून `v² = u² + 2as` हेच थेट उपयोगी पडेल, हे मुलाने ओळखायचं आहे. त्वरण ऋण घ्यायचं, हेही त्यानेच ठरवायचं. मग ० = २५ – ०.५s, म्हणजे s = ५० मीटर. ट्रॅक्टर फाटकाच्या १० मीटर अलीकडे थांबतो. उत्तरसूचीत मी लिहिलं: समीकरण निवडून किमती मांडल्या की १ गुण, ५० मीटर काढून 'थांबेल' असा निष्कर्ष लिहिला की १ गुण. सूत्र वर छापलं असतं, तर हाच प्रश्न नुसत्या आकडेमोडीचा झाला असता आणि उपयोजनाचं घर नावापुरतं भरलं असतं.

आलेखाच्या ओळीत मी एक चूक करता करता वाचले. मुलांना वेग-काल आलेख काढायला सांगायचा आणि त्याच आलेखावरून कापलेलं अंतर काढायला लावायचं, असं मनात होतं. पण आलेख चुकला की चारही गुण जातात, आणि त्याला क्षेत्रफळावरून अंतर काढता येतं की नाही हे कळतच नाही. म्हणून दोन्ही वेगळे केले. एकात दिलेल्या तक्त्यावरून आलेख काढायचा: अक्ष, एककं आणि प्रमाण यांना १, बिंदू मांडून रेषा काढण्याला १. दुसऱ्यात आलेख छापूनच दिला: पहिल्या २० सेकंदांत वेग शून्यावरून ५ मी./से. होतो आणि पुढचे २० सेकंद तसाच राहतो. त्रिकोणाचे ५० आणि आयताचे १०० मिळून १५० मीटर.

पुढच्या आठवड्यात चाचणी घेतली. उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर मी तोच तक्ता पुन्हा आखला आणि प्रत्येक घरात वर्गाला मिळालेले गुण भरले. आधी मी म्हणत असे, 'पहिला पाठ कच्चा आहे.' आता मला घर दिसत होतं! समीकरणं पाठ होती, पण ट्रॅक्टरपाशी पुष्कळ मुलं `s = ut + ½at²` घेऊन बसली आणि वेळ कुठून आणायची यावर अडली. म्हणजे पुन्हा शिकवायचं ते समीकरण नव्हतं, समीकरणाची निवड होती. दुसऱ्या दिवशी एकही गणित न सोडवता पाच प्रसंग फळ्यावर लिहिले आणि फक्त विचारलं, काय दिलंय, काय नाही, मग कोणतं समीकरण? आलेखात रेषा बरोबर होत्या, पण अक्षांवर एककं नव्हती. त्याला दहा मिनिटं पुरली.

तक्त्याला कुठवर विचारायचं, हेही मी शिकले. ज्या घरात एका गुणाचा एकच प्रश्न आहे, त्यावरून एखाद्या मुलाबद्दल काही ठरवता येत नाही, कारण बहुपर्यायी प्रश्नात अंदाजही लागतो. मी फक्त संपूर्ण वर्गाची घरं पाहते. आणि घर भरलंय म्हणजे प्रश्न चांगला आहे, असंही नाही. संदिग्ध वाक्य कोणत्याही घरात संदिग्धच राहतं. म्हणून आता पेपर काढून झाला की तो आणि तक्ता गणिताच्या सरांकडे देते, पण माझे आकडे झाकून. त्यांनी माझे प्रश्न स्वतः घरांत ठेवायचे. जिथे आमची घरं जुळत नाहीत, तिथे प्रश्न पुन्हा लिहायचा.

काल त्यांनी माझा एक प्रश्न उपयोजनातून उचलून ज्ञानात ठेवला. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "बाई, हे उदाहरण गेल्या आठवड्यात मीच त्यांच्याकडून सोडवून घेतलंय." मी तिथेच प्रश्न खोडला आणि नवा प्रसंग शोधायला वही उघडली.