शिफारसपत्र

आमच्या घरात 'शिफारस' हा शब्द वशिल्याच्याच अर्थाने माहीत होता. वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. दुसऱ्या एका महाविद्यालयाच्या इंग्रजी ऑनर्सच्या अर्जाला प्राध्यापकांचे पत्र लागते, असे मी सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे तिथंबी वळख लागतीच की!"

ओळख लागते खरी. पण कोणती, हे मला आमच्या साहित्याच्या बाईंमुळे कळले.

पुष्कळदा विद्यार्थीच मसुदा लिहून नेतो आणि त्यावर सही होते. बाईंनी तसे केले नाही. त्यांनी माझ्याकडून अभ्यासक्रमाची माहिती, गुणपत्रिका आणि वर्षातली दोन ट्यूटोरियल्स मागवली आणि तीन आठवड्यांची मुदत घेतली. पत्र बंद पाकिटात, चिकटवलेल्या जागेवर सही करूनच मिळणार होते. मात्र आत काय लिहिणार, ते त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

"हुशार, कष्टाळू, नम्र ही विशेषणे कोणाच्याही नावापुढे चालतात, म्हणून वाचणारा ती ओलांडून जातो," बाई म्हणाल्या. त्याऐवजी त्यांनी माझे एक ट्यूटोरियल निवडले. ते अरुण कोलटकरांच्या १९७६ साली पुस्तकरूपाने आलेल्या 'जेजुरी'वर होते. त्यातल्या एका इंग्रजी कवितेत एक म्हातारी पन्नास पैशांसाठी पाहुण्याच्या मागे लागते. खंडोबा आमचे कुलदैवत. आजीचे बोट धरून मी तो गड चढले आहे, त्यामुळे माझे मन म्हातारीकडे होते. तरी कविता वाचताना बाही मात्र माझीच ओढली जात होती. असे का होते, ते शोधताना मला दिसले की कवीने पाहुण्याला 'तो' म्हटलेले नाही, 'यू' म्हटले आहे. त्यामुळे वाचणारा आपोआप पाहुण्याच्या जागी जातो. एवढेच मी लिहिले होते. बाईंच्या मते ऑनर्सच्या वर्गाला हीच सवय हवी असते : आधी काय वाटले ते, आणि मग कोणत्या शब्दामुळे वाटले ते.

पुढच्या परिच्छेदात माझा दोष येणार होता. इंग्रजी लिहिताना माझे 'अ' आणि 'द' अजून चुकतात. मी घाबरले. बाई म्हणाल्या, "ते तुझ्या अर्जातही दिसणारच. मी गप्प राहिले, तर माझ्या स्तुतीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही." पहिल्या सत्रातले ४६ गुण तिसऱ्यात ६१ झाले, हेही त्या त्याच ठिकाणी नोंदवणार होत्या.

शेवटी त्यांनी विचारले, "वडिलांच्या कामाबद्दल लिहू का?" मी विचारात पडले. हमालीची मला लाज नाही. पण प्रवेश कणवेने मिळू नये, असे वाटत होते. तेव्हा असे ठरले, की मी मराठी माध्यमातून आले आणि घरात इंग्रजी वाचणारी पहिलीच आहे, एवढेच एका वाक्यात सांगायचे. कारण त्यावरून ४६ गुणांचा उलगडा होतो. बाकीच्याने कशाचाच उलगडा होत नाही.

पाकीट मी स्वतः नेऊन दिले. निकाल अजून लागायचा आहे. वडिलांना मात्र मी सांगितले, "ओळख लागते, आण्णा, पण ती माझ्या वहीशी."